जाहिरात आहे, आणि मनगट दुखत असेल तर घेऊ नका

मी इन्स्टाग्रामवर स्वयंपाकाच्या भांड्यांबद्दल लिहिते. गेल्या पावसाळ्यात एका कंपनीने बिडाच्या तव्यावर कॅरोसेल, म्हणजे एकामागून एक सरकवत बघायच्या स्लाइडची पोस्ट, करायला सांगितलं. तवा मी आधी घरी भरपूर वापरला, आवडला, मगच हो म्हटलं.

कंपनीच्या मार्केटिंगवाल्याला पहिल्या स्लाइडवर फक्त जाळीदार घावन हवं होतं आणि जाहिरातीचा उल्लेख कॅप्शनच्या तळाशी, #collab असा. ते मी लगेच नाकारलं. जाहिरात मानक परिषदेचे, म्हणजे 'आस्की'चे, २०२१चे नियम स्पष्ट आहेत: उल्लेख हॅशटॅगांच्या गर्दीत नको, 'more' न दाबता दिसायला हवा. मग तो म्हणाला, "बरं, पहिल्या स्लाइडवर लिहा, पुढच्या मोकळ्या ठेवा."

खरी अडचण तिथेच होती. पहिली स्लाइड पाहून कुणी पुढे निघून गेलं, तर इन्स्टाग्राम पुष्कळदा तीच पोस्ट दुसऱ्या स्लाइडपासून पुन्हा दाखवतं. वर "Paid partnership" असतं, पण स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर एकच स्लाइड गेली की तेही सुटतं. म्हणून प्रत्येक स्लाइडच्या वरच्या कोपऱ्यात 'जाहिरात' ही पट्टी ठेवली आणि दुसऱ्या स्लाइडवर पूर्ण वाक्यं लिहिली: "या पोस्टसाठी कंपनीने मला पैसे दिले आहेत, तवाही फुकट दिला आहे. सवलतीचा कोड वापरलात तर मला कमिशन मिळत नाही." कमिशन मी मुद्दाम घेतलं नव्हतं. प्रत्येक विक्रीमागे पैसे मिळणार असतील, तर 'तुम्ही घेऊ नका' हे मोकळेपणाने सांगणं अवघड होतं.

आणि तेच मला सांगायचं होतं. पाचव्या स्लाइडचं शीर्षक होतं 'हा तवा कोणी घेऊ नये'. वजन जवळपास अडीच किलो, त्यामुळे मनगट दुखत असेल तर नको. ओला राहिला तर गंजतो. टोमॅटो किंवा चिंचेचं काही त्यात शिजवत ठेवलं की तेलाचा थर उतरतो. सुरुवातीची घावनं चिकटतातच.

"मॅडम, पैसे आम्ही तवा विकायला देतोय," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, काळजी होती. मी विचारलं, "तवे परत येतात ते कोणत्या तक्रारीने?" त्याने ग्राहक सेवा विभागात विचारून दुसऱ्या दिवशी फोन केला: गंज, आणि घावन चिकटणं. करारात मी आधीच घालून घेतलं होतं की चुकीची माहिती ते दुरुस्त करतील, मताला हात लावणार नाहीत. पण आता त्याची गरजच पडली नाही. त्या स्लाइडखाली एक ओळ त्यानेच सुचवली: धुऊन मंद आचेवर सुकवा आणि तेलाचा हात फिरवा.

पोस्टखाली एकीने विचारलं, "आईला संधिवात आहे, तिच्यासाठी घेऊ का?" मी लिहिलं, नको, पत्र्याचा पातळ लोखंडी तवा बघा, तो हलका असतो. तसा तवा ही कंपनी बनवत नाही. तरीही ते उत्तर काढून टाका, असं मला कुणी सांगितलं नाही.