बीटचं नायट्रेट तोंडात दोनदा येतं

"शर्यतीआधी अर्धा तास बीटचा मोठा ग्लास पिते. लघवी लाल होते, म्हणजे रस अंगात जातोय. तरी दम तेवढाच लागतो. मग बीटने धावायला मदत होते हे खरं आहे का?"

खरं आहे, पण अर्ध्या तासात होण्यासारखं नाही. आणि लाल लघवीवरून काहीच कळत नाही. तो लाल रंग बीटच्या रंगद्रव्याचा. काम करतं ते नायट्रेट, आणि त्याला रंगच नसतो.

हा प्रश्न कोणी विचारला की मी आधी उलट विचारतो, "सकाळी माउथवॉश वापरता का?" व्यायामशास्त्र शिकवताना ट्रेडमिलवर धावणाऱ्यांचा श्वास मोजण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि बीट "लागू न पडण्याचं" कारण मला बऱ्याचदा तोंडातच सापडलं आहे.

रसातलं नायट्रेट स्वतः जवळजवळ काहीच करत नाही. त्याच्यातला एक ऑक्सिजन काढून नायट्राइट बनवावं लागतं, आणि हे काम नीट करणारं विकर माणसाच्या पेशींकडे नाही. ते आहे जिभेच्या मागच्या भागातल्या खाचांमध्ये राहणाऱ्या जीवाणूंकडे. तिथे ऑक्सिजन कमी पोचतो, म्हणून ते श्वसनासाठी नायट्रेट वापरतात आणि नायट्राइट बाहेर टाकतात.

आता तुम्ही म्हणाल, रस तर तोंडातून क्षणात खाली जातो, जीवाणूंना वेळ कधी मिळतो? तो मिळतो दुसऱ्या फेरीत. नायट्रेट आतड्यातून रक्तात शोषलं जातं आणि साधारण तासाभरात त्याची रक्तातली पातळी सर्वात वर जाते. त्यातलं बरंचसं मूत्रपिंडं बाहेर टाकतात. पण सुमारे चौथा हिस्सा लाळग्रंथी रक्तातून ओढून घेतात. लाळेतलं नायट्रेट रक्तातल्यापेक्षा दहापट, कधी त्याहूनही जास्त दाट असतं. ही लाळ जिभेवर पसरते, जीवाणू आपलं काम करतात, आणि तयार झालेलं नायट्राइट आपण नकळत गिळत राहतो. पोटातल्या आम्लात त्यातल्या थोड्याचं लगेच नायट्रिक ऑक्साइड होतं, उरलेलं रक्तात जातं. म्हणून रक्तातलं नायट्राइट रस प्यायल्यानंतर दोन ते तीन तासांनी शिखरावर पोचतं. तुमच्या अर्ध्या तासात बहुतेक नायट्रेट जिभेपर्यंत परतलेलंही नसतं.

लाळेचं हे महत्त्व लंडनमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये फार साध्या युक्तीने दाखवलं. निरोगी माणसांना अर्धा लिटर बीटचा रस दिला, तेव्हा अडीच-तीन तासांनी वरचा रक्तदाब सुमारे १० अंकांनी उतरला. मग रसानंतर त्यांना तीन तास लाळ गिळायची नाही, थुंकायची, असं सांगितलं. रक्तातलं नायट्रेट वाढलं, पण नायट्राइट वाढलं नाही आणि रक्तदाबाची उतरणही थांबली. जंतुनाशक माउथवॉश हेच दुसऱ्या वाटेने करतो, तो जिभेवरचे जीवाणूच मारतो.

रक्तातल्या नायट्राइटचं पुढे नायट्रिक ऑक्साइड होतं. एरवी शरीर हा वायू आर्जिनिन या अमिनो आम्लापासून बनवतं आणि त्या वाटेला ऑक्सिजन लागतो. नायट्राइटची वाट उलटी आहे. जिथे ऑक्सिजन कमी आणि आम्लता जास्त, तिथे ती जोरात चालते. ऑक्सिजन सोडून बसलेलं हिमोग्लोबिन आणि स्नायूतलं मायोग्लोबिन यांसारखे रेणू तिथे नायट्राइटचं रूपांतर करतात. जोरात काम करणाऱ्या स्नायूत नेमकी हीच परिस्थिती असते. हा वायू रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायुपेशीत शिरतो, तिथलं एक विकर जागं करतो, पेशीतल्या कॅल्शियमचा प्रभाव कमी होतो, भिंत सैलावते आणि वाहिनी रुंदावते.

इथे बरेच जण थांबतात आणि म्हणतात, "वाहिनी रुंद झाली, म्हणजे ऑक्सिजन जास्त मिळाला." मला ज्या गोष्टीचं आजही अप्रूप वाटतं, ती याच्या पुढची आहे. त्याच कामाला ऑक्सिजन कमी लागतो. ठरावीक वेगाने धावायला किती ऑक्सिजन लागतो, हे एका माणसात सरावाने हळूहळूच बदलतं. ते काही दिवसांत आहाराने बदलावं, हे अपेक्षित नव्हतं. स्वीडनमध्ये २००७ साली नायट्रेटचा क्षार देऊन हे दिसलं, आणि २००९ मध्ये इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठात बीटचा रस देऊन. एक्सेटरच्या प्रयोगात सायकलवरच्या कठीण भारात थकून थांबेपर्यंतचा वेळ सरासरी ५८३ सेकंदांवरून ६७५ सेकंदांवर गेला. शंका होती की हे बीटमधल्या दुसऱ्याच कशामुळे असेल. म्हणून पुढे नायट्रेट काढून टाकलेला रस वापरून तुलना केली. चव आणि रंग तसेच, परिणाम मात्र गेला.

कारण काय? स्नायूला तेवढंच बल लावायला एटीपी, म्हणजे पेशी ऊर्जेसाठी खर्च करते तो रेणू, कमी लागतं, याचा पुरावा मला सर्वात भक्कम वाटतो. एटीपीचा मोठा खर्च कॅल्शियम पुन्हा साठ्यात ढकलण्यात आणि आकुंचनाच्या यंत्रणेत होतो, आणि बचत तिथेच होत असावी. पेशीत एटीपी बनवणारे भाग, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, तेवढ्याच ऑक्सिजनमधून जास्त एटीपी बनवतात, असंही एका गटाला आढळलं, पण नंतरच्या काही मोजण्यांत ते दिसलं नाही.

आता या बचतीचा आकार समजून घ्या. समजा तुमच्या सरावाच्या वेगाला मिनिटाला २ लिटर ऑक्सिजन लागतो. ३ टक्के बचत म्हणजे मिनिटाला ६० मिलिलिटर. हे श्वासाला जाणवत नाही. तुमचा रोजचा चढउतारच, झोप, ऊन, आदल्या दिवसाचा व्यायाम यांमुळे, तेवढा असतो. त्यामुळे एका दिवसाच्या अनुभवावरून "लागू पडलं" किंवा "नाही" असं ठरवू नका. तोच मार्ग, तीच वेळ, रस घेऊन आणि न घेता आलटून पालटून काही वेळा धावा, आणि मगच सरासरी पाहा. अतिशय कसलेल्या धावपटूंमध्ये फायदा बऱ्याचदा फारच थोडा किंवा शून्य निघतो. मध्यम सराव असलेल्यांमध्ये तो जास्त दिसतो.

तुमच्यासाठी बदल सोपे आहेत. रस शर्यतीआधी अर्धा तास नाही, अडीच तास आधी घ्या, आणि त्याआधीचे काही दिवसही रोज. नायट्रेट साधारण ३५० ते ५०० मिलिग्रॅम हवं. बीटाबीटात ते कितीतरी पटींनी बदलतं, म्हणून "मोठा ग्लास" हे माप भरवशाचं नाही. मात्रा छापलेला दाट रस घेतला तर निदान हिशेब लागतो. बीट उकडून पाणी फेकलंत तर नायट्रेटचा मोठा भाग त्या पाण्याबरोबर जातो. जंतुनाशक माउथवॉश त्या दिवसांत बंद ठेवा, दात मात्र घासा. रक्तदाबाच्या किंवा छातीच्या दुखण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण दोन्हींचा परिणाम मिळून रक्तदाब फार उतरू शकतो. मुतखड्याचा त्रास असेल तरीही विचारा, बीटमध्ये ऑक्सलेट भरपूर असतं.

आणि नायट्राइट खरंच बनतंय का हे पाहायचं असेल, तर लाळेतलं नायट्राइट दाखवणाऱ्या कागदी पट्ट्या मिळतात. रस प्यायल्यावर दोन तासांनी पट्टी जिभेला लावा. रंग गडद झाला तर जिभेवरचे जीवाणू कामाला लागले आहेत. फिकाच राहिला तर आधी माउथवॉशची बाटली बाजूला ठेवा आणि आठवड्याभराने पुन्हा पाहा.