गच्चीवरचं हवामान केंद्र: साप्ताहिक अहवालात कुठे रेषा, कुठे स्तंभ, कुठे नुसता तक्ता

केंद्राची रचना अशी आहे: टिपिंग बकेट पर्जन्यमापक (एका टिपला 0.2 मिमी), तापमान आणि दाबासाठी BME280, एक 18650 सेल, छोटं सोलर पॅनल. दर 10 मिनिटांनी एक नोंद येते. दर सोमवारी सकाळी क्रॉनवर पायथनची स्क्रिप्ट चालते आणि ईमेल जातो. या टप्प्यात केलेलं काम एवढंच, की कुठला आकडा कुठल्या रूपात जाईल हे नियमात बांधलं.

हाताने आलेख काढताना आकडे समोर असतात, त्यामुळे काही विचित्र दिसलं की आपण आलेख बदलतो. स्क्रिप्टला ती सोय नाही. कोरडा आठवडा, 140 मिमीचा दिवस, वाय-फाय बंद असलेली रात्र, हे सगळं तिला एकाच साच्यात बसवायचं असतं. म्हणून आलेख निवडताना या आठवड्यात काय शोभतंय यापेक्षा सर्वांत वाईट आठवड्यात काय टिकेल, हे पाहिलं.

पावसाला स्तंभ, यावर फारसा वाद नाही. पाऊस ही ठरावीक काळात साठलेली बेरीज आहे. मंगळवार आणि बुधवारच्या आकड्यांच्या मधोमध 'मंगळवार-बुधवारचा पाऊस' असं काही नसतं, त्यामुळे दोन बिंदू जोडणारी रेषा नसलेलीच गोष्ट सांगते. खरी मेख दिवस कुठे तोडायचा यात आहे. भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी 8:30 ते दुसऱ्या दिवशी सकाळी 8:30 असा असतो आणि आकडा मोजणीच्या, म्हणजे दुसऱ्या तारखेवर लागतो. मध्यरात्रीला दिवस तोडला तर आपला स्तंभ जवळच्या अधिकृत केंद्राशी कधीच जुळत नाही आणि माणूस उगाच मापकाला दोष देत बसतो.

```python
g = df["tips"].resample("24h", offset="8h30min",
                        closed="right", label="right")
mm = g.sum(min_count=1) * 0.2
full = g.count() >= 137
mm = mm[mm.index <= now].tail(7)
```

वेळ भारतीय प्रमाणवेळेत आहे असं इथे गृहीत धरलंय. नोंदी यूटीसीत साठवत असाल तर आधी `tz_convert("Asia/Kolkata")` करा. शेवटची ओळ गाळू नका. क्रॉन 8:40 ला चालतो, त्यामुळे शेवटी दहा मिनिटांचा एक अर्धवट 'दिवस' तयार होतो आणि सोमवारच्या पुढे एक बुटका स्तंभ उभा राहतो.

`min_count=1` का? पांडाजमध्ये रिकाम्या दिवसाची `sum()` शून्य येते. म्हणजे केंद्र बंद होतं तो दिवस आलेखात कोरडा दिसतो, आणि जुलैत कोकणात कोरडा दिवस दिसला की वाचणारा तो खरा मानून निष्कर्ष काढतो. आता रिकाम्या दिवसाला स्तंभ नाही, नुसती आडवी रेघ येते. दिवसाच्या 144 पैकी 137 पेक्षा कमी नोंदी आल्या असतील तर स्तंभ तिरप्या रेघांनी भरतो (`hatch="//"`) आणि आकड्याआधी ≥ लागतो. गेलेल्या नोंदींतही पाऊस पडलेला असू शकतो, म्हणून तो आकडा 'किमान एवढा' असाच वाचायचा.

एक आठवडा नमुन्याला घेऊ: 4.2, 0, 18.6, 142.0, 61.4, नोंद नाही, 9.8 मिमी. आलेखाची उंची 200 पिक्सेल आणि अक्ष 150 पर्यंत धरला, तर 4.2 चा स्तंभ जेमतेम साडेपाच पिक्सेलचा होतो. 0.2 मिमीचा दिवस तर दिसणारच नाही. लॉग अक्ष घ्यावा असं लगेच सुचतं, पण स्तंभाची लांबी शून्यापासून मोजली तरच तिला अर्थ असतो आणि लॉगवर शून्यच नाही. म्हणून अक्ष साधाच ठेवला आणि प्रत्येक स्तंभाच्या डोक्यावर आकडा छापला, कोरड्या दिवशी '0' सुद्धा. 115.6 मिमीवर एक फिकट आडवी रेघ आहे. विभागाच्या वर्गवारीत तिथून अतिमुसळधार सुरू होतो, आणि या आठवड्यात तो कुठला दिवस ते बघताक्षणी कळतं.

उलट टोकाला कोरडा आठवडा. अक्ष आपोआप ठरू दिला तर 0.4 मिमीचा स्तंभ छताला भिडतो. त्यामुळे अक्षाची कमाल मर्यादा कधीच 30 मिमीच्या खाली जात नाही, आणि आठवड्याची बेरीज 2.5 मिमीपेक्षा कमी असेल तर आलेखच तयार होत नाही, एक वाक्य जातं. सगळ्या नोंदी आल्या असतील तरच, अर्थात.

दाबाचं गणित वेगळं. दाब सतत असतोच, आपण तो अधूनमधून वाचतो, म्हणून इथे रेषा. अक्ष शून्यापासून घ्यायचा नाही, नाहीतर सरळ रेघ मिळते. पण अक्ष आपोआप ठरू देणं त्याहून वाईट. आपल्या अक्षांशावर दाब रोज सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास चढतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. ही रोजची भरती-ओहोटी साधारण 3 हेक्टोपास्कलची. शांत आठवड्यात अक्ष तेवढ्यावरच ताणला जातो आणि रेषा वादळ आल्यासारखी नाचते.

```python
p = df["pressure"].resample("10min").mean()
mid = p.median()
ax.set_ylim(min(mid - 8, p.min() - 1),
            max(mid + 8, p.max() + 1))
```

खिडकी किमान 16 हेक्टोपास्कलची ठेवल्यावर रोजची लहर लहरच दिसते आणि कमी दाबाचा पट्टा सरकला की रेषा खरंच खाली बसते. पहिली ओळ आणखी एक काम करते: बंद काळात `NaN` भरते, त्यामुळे रेषा तुटते. ती नसेल तर मॅटप्लॉटलिब दोन टोकं सरळ जोडून टाकतं. सहा तासांची पट्टीने आखल्यासारखी रेषा दिसली की समजायचं, तिथे नोंदीच नाहीत.

बॅटरीला मात्र तक्ता. व्होल्टेजचा आठवड्याचा आलेख दिसतो झकास, रोज करवतीचा एक दाता, पण तो फक्त सूर्य उगवल्याचं सांगतो. कामाचा आकडा पहाटेचा नीचांक. तो रोज 0.03 व्होल्टने घसरत असेल तर मोठ्या दात्यांत लपून जातो. म्हणून एकच ओळ: या आठवड्याचा नीचांक 3.71, मागच्याचा 3.86, फरक −0.15. दशांश दोनच, आकडे उजवीकडे ओळीत. नीचांक सलग चार दिवस घसरला तरच सात नीचांकांची रेषा अहवालात येते.

कमाल-किमान तापमानही तक्त्यातच आहे. वाचणारा 'बुधवारी किती होतं' एवढंच शोधतो, आणि सेन्सरची अचूकताच ±1 अंशापर्यंत सैल असल्याने एक दशांश पुरे.

मराठी मथळ्यांबद्दल: मॅटप्लॉटलिबच्या आमच्या आवृत्तीत देवनागरीची जुळणी होत नाही, 'किमान'ची वेलांटी 'क'च्या मागे पडते आणि जोडाक्षरं फुटतात. फॉन्ट बदलून उपयोग नाही. चित्रात फक्त अंक ठेवले, मथळा आणि एकक एचटीएमएलमध्ये चित्राच्या वर घातलं. चित्र पीएनजी, कारण जीमेल एसव्हीजी दाखवत नाही.

वाऱ्याची दिशा अजून अहवालाबाहेर आहे. 359 अंशांवरून 1 वर जाताना रेषा पूर्ण आलेख उभा चिरते, आणि साध्या सरासरीने या दोन उत्तरेकडच्या वाऱ्यांचा चक्क दक्षिणेचा, 180 अंशांचा वारा होतो. सध्या आठ दिशांचे गट करून प्रत्येक दिशेला किती तास वारा होता याचे आडवे स्तंभ करून पाहतोय. वाऱ्याचा वेग ताशी 2 किमीच्या खाली असताना दिशादर्शक जिथे थांबला तिथेच राहतो, त्यामुळे ते तास 'शांत' म्हणून वेगळे काढायचे आहेत.