मोहरी की निळा: स्टोरीवरच्या मतांवरून आम्ही दिवाळीची ऑर्डर कशी ठरवली

ठाण्यात राम मारुती रोडच्या एका आतल्या गल्लीत माझ्या मोठ्या जाऊबाई आणि मी मिळून सुती कुर्त्यांचं दुकान चालवतो. दुकान लहान आहे, पण इन्स्टाग्रामवरून येणाऱ्या बायका बऱ्याच. मागच्या जुलैमध्ये दिवाळीच्या मालाची ऑर्डर द्यायची होती. राजस्थानातल्या बगरूचा आमचा छपाईवाला म्हणाला, किमान साठ कुर्त्यांचं कापड घ्या, दोन रंगांत वाटून चालेल, पण एका रंगाचे वीसपेक्षा कमी नकोत. आणि लवकर सांगा, पावसात छपाई सुकायला वेळ लागतो. आमच्यासमोर दोन नमुने होते, दाबू छपाईचा निळा आणि मोहरीच्या पिवळ्यावर बारीक बुट्टी. कुठला किती घ्यायचा ते इन्स्टाग्रामच्या स्टोरीवर गिऱ्हाइकांनाच विचारू, असं मी सुचवलं.

पहिल्याच फटक्याला मी चुकीचं स्टिकर लावलं. क्विझचं स्टिकर दिसायला छान, त्यात चार पर्याय देता येतात, म्हणून मी तेच घेतलं आणि विचारलं, "यातला कोणता आवडला?" क्विझमध्ये एक उत्तर बरोबर म्हणून ठरवावंच लागतं; ते निवडलं की हिरवं होतं, दुसरं निवडलं की लाल. मी फारसा विचार न करता निळ्यावर खूण केली. तासाभरात कळव्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा मेसेज आला, "मी मोहरी निवडला तर तो लाल झाला. माझी आवड चुकली का?" मला फार वाईट वाटलं. ज्या बाईला आपण तिची आवड विचारतोय, तिलाच आपण चूक ठरवलं होतं. शिवाय एकीने निळा हिरवा झालेला पाहिला की ती मैत्रिणीला सांगणार, म्हणजे पुढचं मतही बिघडणार. ती स्टोरी मी लगेच काढली. आवड विचारायची तर पोल, माहिती तपासायची तर क्विझ, हा फरक तेव्हापासून मी सोडलेला नाही.

दुसऱ्या दिवशी पोल लावला. चोवीस तासांत 212 मतं पडली, त्यातली 136 निळ्याला. चौसष्ट टक्के! मी फोन उचलून छपाईवाल्याला सांगायलाच निघाले होते. जाऊबाईंनी थांबवलं. "दुकानात हात मोहरीकडे जातो गं. हे आकडे कुणाचे आहेत ते तरी बघ."

पोलमध्ये कुणी काय निवडलं हे स्टोरी टाकणाऱ्याला नावानिशी दिसतं. पण ती यादी कायम राहत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशीच ती वहीत उतरवली. मग प्रत्येक नावासमोर लिहीत गेलो: आमच्याकडून कधी काही घेतलं आहे का? बिलबुकं आणि जुने मेसेज उघडून दोन संध्याकाळी गेल्या. आमचे नातेवाईक होते, माझ्या कॉलेजच्या मैत्रिणी होत्या, कुर्ते विकणारे इतर दुकानदार होते, आणि कधी ठाण्याला येणार नाहीत अशी कितीतरी खाती होती. प्रत्यक्ष गिऱ्हाइकं निघाली अडतीस. त्यांच्यात मोहरीला 22 आणि निळ्याला 16. म्हणजे चित्र उलटं. पण इथेही मी हुरळले नाही, कारण या अडतिसांतल्या चौघींनी दुसरं बटण दाबलं असतं तर निकाल परत फिरला असता. इतक्या थोड्या मतांवर साठ कुर्ते ठरवणं मला पटेना.

मग फोटो नीट पाहिले आणि आणखी एक गोष्ट लक्षात आली. निळा कुर्ता माझ्या भाचीने घातला होता, खिडकीच्या उजेडात, हसत. मोहरी हँगरवर होता, ट्यूबलाइटखाली, आणि त्या पांढऱ्या उजेडात पिवळा मळकट दिसत होता. लोकांनी कुर्त्याला मत दिलं होतं की फोटोला, हे मला सांगता येत नव्हतं.

आठवड्याने परत विचारलं. या वेळी दोन्ही कुर्ते एकाच पुतळ्यावर, एकाच खिडकीशी, सकाळी अकराच्या सुमारास, एकाच लांबीचे. आधी निळ्याचं नाव वर होतं, आता मोहरीचं वर ठेवलं. प्रश्नही बदलला. "कोणता आवडला?" याला उत्तर द्यायला काही खर्च पडत नाही, माणूस सहज बोट ठेवतो. म्हणून लिहिलं, "1,350 रुपयांना यातला कोणता घ्याल?" आणि तिसरा पर्याय दिला: "दोन्ही नाही". तो पर्याय नसला की ज्यांना काहीच घ्यायचं नाही त्याही कुठे तरी बोट ठेवतात आणि आपण ते मागणी म्हणून मोजतो. शेवटच्या ओळीत स्पष्ट लिहिलं की कुणी काय निवडलं हे आम्हाला दिसतं. अनेकींना ते ठाऊक नसतं, आणि न सांगता त्यांची यादी करणं मला बरोबर वाटत नव्हतं.

164 मतं आली. मोहरी 58, निळा 45, दोन्ही नाही 61. आमच्या गिऱ्हाइकांची एक्केचाळीस, त्यात मोहरी 19, निळा 11, दोन्ही नाही 11.

त्या अकरा जणींनी मला जास्त शिकवलं. प्रत्येकीला मेसेज केला, काय खटकलं ते सांगाल का, म्हणून. सात जणींनी उत्तर दिलं. दोघींना किंमत जास्त वाटली, एकीला बाह्या आखूड. आणि चौघींनी जवळपास एकच गोष्ट लिहिली: रेयॉनचा दिसतोय, सकाळच्या लोकलला अंगाला चिकटेल. पण आमचं कापड शुद्ध सुती होतं! ते फक्त फोटोत कळत नव्हतं.

इथे मात्र क्विझ खरोखर उपयोगी पडलं, कारण या प्रश्नाला बरोबर उत्तर होतं. "हे कापड कोणतं?" आणि पर्याय: सुती, रेयॉन, जॉर्जेट, लिनन. 97 जणींनी उत्तरं दिली, 52 जणींनी रेयॉन निवडलं. चौघींचं म्हणणं त्यांच्यापुरतं नव्हतं, उत्तर देणाऱ्या अर्ध्याहून जास्त जणींना तेच वाटत होतं. इस्त्री केलेल्या, सपाट कुर्त्याच्या फोटोत कापडाची वीण दिसत नाही. मग आम्ही छोटा व्हिडिओ केला. जाऊबाईंनी कापड मुठीत चुरगळून सोडलं, उजेडासमोर धरलं, त्यावर पाण्याचा थेंब टाकून तो शोषला जाताना दाखवला. चार दिवसांनी तोच प्रश्न, पण त्या व्हिडिओवर, पुन्हा विचारला. या वेळी रेयॉन म्हणणाऱ्या मोजक्याच उरल्या.

ऑर्डर दिली: मोहरी 36, निळे 24. एकाच रंगावर सगळं टाकण्याइतका भरवसा आकड्यांनी दिला नव्हता आणि पहिल्या पोलवर गेलो असतो तर वाटणी उलटी झाली असती.

मोहरीचे छत्तीसही वसुबारसेला संपले. निळ्यातले पाच भाऊबीजेनंतर उरले. किमतीसकट मोहरी निवडलेल्या एकोणीस जणींपैकी आठ जणींनी तो विकत घेतला. वहीत मतांशेजारी आता "घेतला" असा एक रकाना आखला आहे. गुढीपाडव्याच्या ऑर्डरआधी त्यात आणखी दोन पोलची नावं भरून झाली आहेत.