‘महोदय’ काढायला गेले आणि क्रियापदात अडकले

आमच्या ऑफिसातून अनोळखी लोकांना जाणाऱ्या पत्रांचा एकच ठरलेला नमुना, वर कायम ‘मा. महोदय’. समोर कोण आहे माहीत नसलं तरी महोदयच. एकदा एका पत्राला उत्तर आलं, खाली बाईंचं नाव, आणि त्यांनी पहिल्याच ओळीत लिहिलेलं, मी महोदय नाही. मग नमुना बदलायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

आधी ‘महोदय/महोदया’ करून बघितलं. ती तिरकी रेघ म्हणजे ‘तुम्ही कोण आहात ते आम्हाला ठाऊक नाही’ असं बोर्डावर लिहून दाखवणं, आणि मोठ्याने वाचताना तर जीभच अडखळते. ‘ज्यांच्याशी संबंधित आहे त्यांना’ हे लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. शेवटी वर ‘प्रति, प्रवेश विभाग’ आणि खाली नुसतं ‘नमस्कार,’. माणसाऐवजी विभागाला लिहायचं, झालं. पद घालायचं असेल तर सचिव, अधिकारी, विभागप्रमुख चालतात, मुख्याध्यापक किंवा संपादक लिहिलंत की परत तिथेच, कारण त्यांची मुख्याध्यापिका, संपादिका अशी रूपंही चालतात.

एवढ्यावर सुटले असं वाटलं होतं. पण ड्राफ्ट साहेबांकडून तीनदा परत आला, दर वेळी एकच शेरा, ‘खालीही बघा’. काय बघा ते सांगायचं नाही! दोन दिवस मी नमस्कारच बदलत बसले, सस्नेह, सप्रेम, सविनय. तिसऱ्या वेळी चिडून सगळं पत्र मोठ्याने वाचलं तेव्हा दिसलं, दुसऱ्या परिच्छेदात ‘आपण मागे भेटायला आला होतात’. बाई असतील तर ‘आल्या होतात’. म्हणजे वरचा महोदय गेला तो खाली क्रियापदात जाऊन बसला होता.

मग एकेक वाक्य तपासलं. ‘आपण येता’, ‘येणार आहात’, ‘आलात’ याला काही होत नाही, दोघांनाही तेच. ‘आपण फॉर्म पाठवला होता’ हेही ठीक, तिथे क्रियापद फॉर्मच्या मागे जातं. अडचण येणे, जाणे, म्हणणे, विसरणे असल्या क्रियापदांच्या ‘आला’, ‘गेला’सारख्या रूपाला पुढे ‘होतात’, ‘आहात’ किंवा ‘असाल’ लागलं की. ‘आपण म्हणाला होतात’चं मी ‘आपण कळवलं होतं’ केलं, ‘आला होतात’चं ‘आपली भेट झाली होती’. नुसतं ‘आपण रजेवर होतात’ मात्र तसंच ठेवलं, ते दोघांनाही चालतं. नमुन्यात सर्चमध्ये ‘होतात’, ‘आहात’, ‘असाल’ एकेक टाकून बघा, दहा मिनिटांत बहुतेक सापडतात, मला मात्र ते शेवटी सुचलं.

हो आणि, नाव आपोआप भरणारा नमुना असेल तर रिकाम्या नावाचं एक पत्र आधी स्वतःला पाठवा. आमचं ‘प्रिय ,’ असं गेलं होतं, स्वल्पविराम एकटाच.

चौथ्यांदा साहेबांनी सही केली. नवीन नमुना प्रिंट काढला आणि तेव्हा लक्षात आलं, खाली माझ्या नावावर गेली दोन वर्षं ‘आपला विश्वासू’ छापलं जातंय.