पट्टीची तारीख आणि बिलाची तारीख

सांगली, शुक्रवार, २६ सप्टेंबर २०२५

टॅक्स ऑडिटची मुदत ३० सप्टेंबरची ३१ ऑक्टोबर झाल्याचं काल जाहीर झालं. बाहेरच्यांना वाटतं आता सीएचं ऑफिस लवकर सुटेल. आज सकाळी नऊला सरांनी बोर्डावरची यादी तशीच ठेवली आणि म्हणाले, "तारीख सरकारची बदललीय, आपली नाही." आर्टिकलसाठी, म्हणजे सीए होण्यासाठी ऑफिसात काम शिकणाऱ्यांसाठी, नियमात आठवड्याला किमान ३५ तास आहेत. सप्टेंबरात ते बुधवारी दुपारीच भरतात.

आजचा दिवस मार्केट यार्डातल्या एका हळद अडत्याच्या फाईलवर गेला. (आकडे बदलून लिहितेय, प्रमाण तेच.) पार्टीचं म्हणणं सरळ होतं, "माझी उलाढाल कोटीच्या आत आहे, मला ऑडिट कशाला?" आणि आयकर खात्याकडची त्याची वर्षाची माहिती, म्हणजे एआयएस, उघडलं तर जीएसटीची उलाढाल १२ कोटी ५८ लाख! दोन्ही खरं असू शकतं, हीच अडतीच्या फाईलची गंमत आहे. ती कळायला मात्र नवीन आर्टिकलला एक सीझन जातो.

शेतकऱ्याची हळद अडत्याच्या पेढीवर येते, सौदा होतो, खरेदीदाराला बिल अडत्याच्या नावाने जातं. त्यामुळे जीएसटीत पूर्ण रक्कम त्याच्या नावावर दिसते. खरेदीदार मोठा असेल, म्हणजे आधीच्या वर्षी त्याची उलाढाल १० कोटींवर गेली असेल, तर एका विक्रेत्याकडच्या ५० लाखांवरच्या खरेदीवर तो आयकराच्या १९४क्यू कलमाखाली ०.१ टक्का टीडीएस कापतो. तो आकडाही २६एएसमध्ये, म्हणजे कापलेल्या कराच्या विवरणात, अडत्याच्याच पॅनवर येतो. पण माल शेतकऱ्याचा, नफातोटा शेतकऱ्याचा, अडत्याची फक्त अडत, म्हणजे कमिशन. हा कच्चा अडत्या. १७ मार्च १९८६ च्या सीबीडीटीच्या, म्हणजे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या, ४५२ नंबरच्या परिपत्रकाप्रमाणे ऑडिटची मर्यादा बघताना त्याची उलाढाल म्हणजे केवळ अडत. जो स्वतःच माल घेतो, तेजी-मंदीची जोखीम उचलतो, तो पक्का. त्याची सगळी विक्री मोजायची.

पार्टीच्या टॅलीत हा फरक लेजरच्या नावापुरता होता. शेतकऱ्यांच्या मालाची विक्री १२ कोटी, त्यावर ३ टक्के अडत म्हणजे ३६ लाख. स्वतःच्या मालाची विक्री ५८ लाख. बेरीज ९४ लाख, कोटीच्या आत. कुणीही इथेच फाईल बंद केली असती. ऑफिसातल्या मॅडमनी केली नाही. त्यांचा प्रश्न नेहमीचाच होता, "तू जुळवलंस, की जुळतंय असं तुला दिसलं?"

जुळवायचं म्हणजे १२ कोटींतलं प्रत्येक विक्री बिल त्याच्या पट्टीला लावायचं. शेतकऱ्याला हिशोबाची जी पट्टी मिळते तिच्यावर वजन, दर, हमाली, तोलाई, दिलेली उचल सगळं असतं. तीन गोष्टी बघायच्या. वजन तेच आहे का. दर तोच आहे का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तारीख तीच किंवा एक-दोन दिवस मागेपुढे आहे का. वजन बहुतेक जुळतंच, म्हणून नवखा माणूस वजन बघून टिक मारतो आणि पुढे जातो. पकडायचं असतं ते तारखेत.

एक लॉट असा: २२ क्विंटल, पट्टी ६ मेची, दर १६,०००. विक्री बिल २४ जूनचं, वजन तेच २२ क्विंटल, दर १७,२००. शेतकऱ्याचा हिशोब मेमध्येच मिटला, पैसे पोचले. म्हणजे त्या दिवशी माल अडत्याचा झाला. पुढचे सात आठवडे भाव पडला असता तर फटका त्याला बसला असता. क्विंटलमागचे १,२०० रुपये ही अडत नव्हे, व्यापाराचा नफा आहे. लेजर काहीही म्हणो, या लॉटपुरता तो पक्का अडत्या.

असे लॉट एक्सेलमध्ये वेगळे काढायला सोपी युक्ती आहे. पट्टी नंबरवरून दोन्ही तारखा एका ओळीत आणायच्या, वजाबाकी करायची आणि मोठ्या फरकापासून लावायचं. सौद्यानंतर माल उचलायला चार-पाच दिवस लागतात, तेवढं सोडून द्यायचं. फरक पंधरवड्याच्या वर आणि दरही वेगळा, अशा ओळींनाच हात घालायचा. हे काम सकाळी करावं. रात्री नवानंतर १६,२०० आणि १६,०२० सारखेच दिसतात.

संध्याकाळपर्यंत असे ४० लाखांचे लॉट निघाले. मग शेतकऱ्यांची विक्री ११ कोटी ६० लाख, तिच्यावरची अडत ३४ लाख ८० हजार. स्वतःची विक्री ९८ लाख. उलाढाल १ कोटी ३२ लाख ८० हजार. नफ्यात काही फरक नाही, तो आधीच हिशोबात होता. बदलली ती मर्यादेची बाजू.

पार्टीला वाटलं अजून एक दार उघडं आहे. रोखीचे व्यवहार ५ टक्क्यांच्या आत असतील तर मर्यादा १ कोटीऐवजी १० कोटी. पण त्यात जमा आणि खर्च, दोन्ही बाजू वेगवेगळ्या पास व्हाव्या लागतात. जमा बँकेतूनच होती. वर्षाची एकूण देणी १२ कोटी ४० लाख, त्याचे ५ टक्के ६२ लाख, आणि शेतकऱ्यांना रोख दिलेले ८१ लाख. शेतकरी रोखच मागतो हे यार्डात सगळ्यांना माहीत आहे, तरी कायद्याच्या या कसोटीत ते देणंच आहे. ऑडिट लागलं. ते चुकवलं असतं तर उलाढालीचा अर्धा टक्का, म्हणजे ६६,४०० रुपये दंड होऊ शकला असता.

साडेनवाला मॅडमनी २६एएसचा कागद पुढे सरकवला. एका खरेदीदाराला २ कोटी ४० लाखांची विक्री, ५० लाख वजा जाता १ कोटी ९० लाखांवर टीडीएस हवा, दिसतोय १ कोटी ७६ लाखांवर. फरक १४ लाख, टीडीएसमध्ये अवघे १,४००. एवढ्यासाठी थांबवून ठेवणं जाचक वाटतं, आणि रात्री दहाला जेवणाचा डबा गार झालेला असताना ते आहेच जाचक. पण मागणी चुकीची नाही. कारण १,४०० रुपयांचं नसतं, १४ लाखांच्या बिलांचं असतं. आधी फरक जीएसटीच्या ५ टक्क्यांएवढा आहे का ते तपासायचं, कारण आगाऊ रकमेवर कापणारे खरेदीदार जीएसटीसकट कापतात. इथे उलट कमी दिसत होतं, म्हणून मार्चअखेरची बिलं काढली. २८ मार्चची दोन बिलं, बरोबर १४ लाख. ट्रक एप्रिलात पोचला, खरेदीदाराने नोंद एप्रिलात केली. ही खरेदी त्याच्या पुढच्या वर्षाच्या टीडीएसच्या हिशोबात धरली जाईल. कागदावर दोन्ही बिल नंबर लिहून लाल टिक.

ऑडिट रिपोर्ट सरांनी अपलोड केला तरी पार्टीने स्वतःच्या लॉगिनमधून स्वीकारल्याशिवाय तो भरला असं होत नाही. या पार्टीची डिजिटल सही ऑगस्टमध्येच संपलीय. उद्या यार्डात सौदे सुरू व्हायच्या आत नवीन सहीचे कागद घेऊन पेढीवर जायचं आहे, आणि गोदामाची मालवहीही मागायची आहे. ४० लाखांचे ते लॉट मे-जूनमध्ये खरंच गोदामात पडून होते, हे दाखवणारा फाईलमधला दुसरा कागद तोच असेल.