नसलेली तळी पडद्यावर दाखवताना

गिरगावात राहणारे माझे मामा इतिहासाचे निवृत्त शिक्षक आहेत. मुंबईतल्या बुजवलेल्या तळ्यांवर त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहून बोलावे आणि तो व्हिडिओ मी तयार करावा, असे आमचे ठरले. मजकूर त्यांचा होता आणि चांगला होता, पण मोबाइलवर केलेल्या चाचणी चित्रीकरणात सव्वापाच मिनिटे खुर्ची, मामा आणि मागचे कपाट यांपलीकडे काहीच दिसत नव्हते. दुसऱ्या मिनिटाला मामी उठून कुकर बघायला गेल्या, तेव्हा स्क्रिप्टमध्ये कटअवेच्या, म्हणजे बोलणे चालू असताना चेहऱ्याऐवजी मध्येच दाखवायच्या दृश्यांच्या, नोंदी घालायच्या हे नक्की झाले.

पहिल्या प्रयत्नात मी प्रत्येक नामाला एक चित्र जोडले. विहीर म्हटले की विहीर, गुरे म्हटली की गुरे, अशा एकतीस नोंदी झाल्या. कागदावर ते समृद्ध वाटले, पण वेळ लावून वाचल्यावर मामांचा चेहरा जवळजवळ नाहीसा झाल्याचे आणि प्रत्येक चित्र शब्दाचीच री ओढत असल्याचे ध्यानात आले. दुसऱ्या वेळी मी उलटीकडून सुरुवात केली. मामांनी स्क्रिप्ट मोठ्याने वाचली, मी समासात दर परिच्छेदाची वेळ लिहिली आणि आधी फक्त जिथे चेहरा हवाच, त्या जागांवर खूण केली. मामांचे स्वतःचे मत, बालपणीची आठवण आणि प्रेक्षकाला विचारलेला थेट प्रश्न या त्या जागा होत्या. कटअवे उरलेल्या मजकुरातच शोधायचे, असा नियम केला.

खरी अडचण अशी की विषयच नसलेल्या गोष्टीचा होता. धोबी तलावाला आज तळे नाही, सी. पी. टँकला टाकी नाही. बाणगंगा मात्र वाळकेश्वरला अजून आहे आणि देखणी आहे, म्हणून तिचे पाणी धोबी तलावाच्या वाक्यावर टाकण्याचा मोह मला झाला. तसे केले असते तर ते पाणी धोबी तलावाचेच, असे प्रेक्षकाने गृहीत धरले असते. म्हणून बाणगंगा तिचे नाव उच्चारले जाते तिथेच ठेवली आणि बाकी ठिकाणी तळ्याची अनुपस्थितीच दाखवायची असे ठरवले.

त्या परिच्छेदातले वाक्य असे होते: ‘धोबी तलावाला उतरलात तर तळे सापडणार नाही, फक्त नाव सापडेल.’ पूर्वी त्यापुढे मी ‘धोबी तलावाचे दृश्य’ एवढेच लिहिले होते, ज्यावरून कॅमेरा धरणाऱ्या माझ्या मावसभावाला काहीही कळले नसते. नवी नोंद अशी झाली: ‘चौकाचा लांबचा शॉट, सिग्नल सुटताना, ट्रायपॉडवर, दहा सेकंद. मग दुकानाच्या पाटीवरच्या पत्त्यातले “धोबी तलाव” हे शब्द जवळून, दहा सेकंद. वाहनांचा मूळ आवाज ठेवणे.’ पडद्यावर प्रत्येकी तीनचार सेकंदच लागणार होते, पण संकलनात मागेपुढे सरकवायला वाव हवा, म्हणून दहा लिहिले. पहिला शॉट ‘तळे सापडणार नाही’ या शब्दांवर सुरू करायचा, वाक्य संपण्याची वाट पाहायची नाही, हेही नोंदीतच आले. ‘तळे’ हा शब्द ऐकू येताना डोळ्यांसमोर गाड्या असल्या की सांगायचे ते सांगून होते.

गोवालिया टँकसाठी बसच्या पुढच्या पाटीची नोंद होती. ती फसली. भर उन्हात मोबाइलने शटर इतके जलद ठेवले की एलईडी अक्षरांचे तुकडे दिसू लागले. डोळ्यांना ती अक्षरे सलग दिसतात, त्यामुळे जागेवर कोणाच्याच लक्षात आले नाही. शटर हाताने १/५० सेकंदावर आणले तर चित्र पांढरे पडले, कारण जास्तीचा उजेड अडवणारा एनडी फिल्टर जवळ नव्हता. शेवटी बसऐवजी ऑगस्ट क्रांती मैदानाची, म्हणजे जिथे पूर्वी हा तलाव होता आणि १९४२ मध्ये ‘चले जाव’ची हाक दिली गेली त्या मैदानाची, नोंद लिहिली: मैदानावर खेळणारी मुले, आधी लांबून आणि मग फक्त धुळीत पळणारे पाय. एकाच क्रियेचे दोन आकार असल्यामुळे ते जोडताना खटकले नाहीत.

एक उपयोग मी आधी धरलाच नव्हता. विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये शहराला मिळू लागले, या वाक्यात मामा दोनदा अडखळले आणि दोन टेक जोडावे लागले. जोडाच्या जागी चेहऱ्याने उडी मारली असती, पण तिथे नळाखाली भरणाऱ्या कळशीची नोंद होती आणि ती उडी तिच्याखाली झाकली गेली. तेव्हापासून लांब वाक्यांपाशी मी एखादी जास्तीची नोंद ठेवते.

अखेर चौदा नोंदी राहिल्या. लहानपणी आजीबरोबर विहिरीवर गेल्याची आठवण मामा सांगतात, त्या अर्ध्या मिनिटापुढे समासात मी ‘इथे काही दाखवू नये’ असे लिहिले होते. मावसभावाने तरीही विहिरीचा एक शॉट घेऊन ठेवला होता. तो वापरला नाही.