बदकाची चोच

दुपारी राजवाड्याजवळ भाजी घेत होते, तेवढ्यात जाऊबाईंचा फोटो आला. “बाटल्या उकळल्या त्या पातेल्याच्या तळाशी हे होतं. टीदर आहे का गं? बाळाला देऊ?”

“देऊ नका!” मी आधी तेच लिहिलं. एवढंसं, घशात अडकेल. मग म्हटलं, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून टोकाचा फोटो काढा. टोकाला बारीक चीर दिसली. म्हणजे ब्रेस्ट पंपाचा व्हॉल्व्ह, बदकाच्या चोचीसारखा. पंप ओढतो तेव्हा चीर मिटते, सोडतो तेव्हा दूध खाली पडतं.

त्यांची चीर मात्र नुसती ठेवली तरी उघडीच! आठवडाभर “पंप ओढतच नाही” ही तक्रार होती, ती यामुळेच. चोचीत ब्रश घालून घासत होत्या ना! आता त्याच मॉडेलचा नवा व्हॉल्व्ह मागवलाय.